‘येणं झालं का?’ : नवरा-बायकोच्या बोलण्यातली माया आणि आदर

डोंगरकड्याच्या बसथांब्याजवळ एक नेपाळी जोडपं चायनीजची गाडी लावायचं. नवरा कढईपाशी, बायको गिऱ्हाइकांच्या ताटल्यांपाशी. गर्दी ओसरली की ती त्याला विचारायची, “खानुभयो?” आणि तो तिला विचारायचा, “खायौ?” प्रश्न एकच, जेवण झालं का. क्रियापदं मात्र दोन. मी चौकशी केली तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “तुमच्याकडं काय वेगळं आहे? ती अहो म्हणते, तो अगं म्हणतो.” मला तेव्हा ते पटलं. नंतर नेपाळी व्याकरण वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की ते अर्धंच खरं आहे.

मराठीत आपल्याकडे दोन पायऱ्या, तू आणि तुम्ही. ‘आपण’ आहे, पण नवरा-बायकोत तो फार औपचारिक घरांतच. नेपाळीत पायऱ्या जास्त आहेत, आणि प्रत्येक पायरीला क्रियापद बदलतं. ‘तैंले खाइस्?’ ही सर्वांत खालची. लहान मुलाला, जिवलग मित्राला किंवा भांडणात. ‘तिमीले खायौ?’ ही मधली. ‘तपाईंले खानुभयो?’ ही वरची. आणि जुन्या राणा-ठकुरी घराण्यांच्या वळणाची ‘हजुरले खाइबक्स्यो?’ ही त्याहून वर. या शेवटच्या रूपातला ‘बक्स’ आपल्या बक्षीसचाच भाऊ आहे. म्हणजे जेवलात असं नाही, तर जेवायची कृपा केलीत.

जुन्या वळणाच्या नेपाळी घरात नवरा बायकोला ‘तिमी’ म्हणतो आणि बायको नवऱ्याला ‘तपाईं’. आता शहरांतली, प्रेमविवाह केलेली जोडपी दोघंही ‘तिमी’ म्हणतात, पण सासू-सासऱ्यांसमोर बायको पुष्कळदा ‘तपाईं’वर जाते. चुलीपाशी एक पायरी, ओसरीवर दुसरी. भांडण ओळखायचं असेल तर आवाजाकडे नाही, क्रियापदाकडे लक्ष द्यावं. ‘तिमी’वरून एकदम ‘तँ’ आला की ठिणगी पडली. पण एरवी ‘तिमी’ म्हणणारा नवरा अचानक ‘तपाईं’ म्हणू लागला तर तोही रागच, फक्त थंड. आपल्याकडे चिडलेला नवरा “या बाईसाहेब” म्हणतो तसाच.

१९६० साली रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी या प्रश्नावर एक गाजलेला निबंध लिहिला. युरोपीय भाषांतल्या तू-तुम्हीमागे सत्ता आणि सलगी अशा दोन गोष्टी असतात, असं त्याचं सार. दोघांत असमानता असेल तर एक तू ऐकतो, दुसरा तुम्ही. सलगी वाढली की दोघंही तूवर येतात. अहो-अगंला हे माप बसतं. माझी तक्रार एवढीच की या मापात सर्वनामच मोजलं जातं, आणि आपल्या बाजूच्या भाषांत खरी गंमत सर्वनाम टाळण्यात आहे.

‘तपाईं जानुहुन्छ’ हे वाक्य फोडून पाहा. ‘जानु’ म्हणजे जाणं, ‘हुन्छ’ म्हणजे होतं. शब्दशः ‘तुमचं जाणं होतं’. ‘खानुभयो’ म्हणजे ‘खाणं झालं’. आता आपल्या आजी-पणजीचं बोलणं आठवा. नवरा गावाहून आला की ती ‘तुम्ही कधी आलात?’ असं म्हणत नसे. ती म्हणे, ‘कधी येणं झालं?’ करणाऱ्याला बाजूला ठेवायचं आणि क्रियेलाच कर्ता करायचं, म्हणजे नवऱ्याकडे थेट बोट दाखवायची वेळच येत नाही. मराठी सुनेनं जी युक्ती घरापुरती वापरली, ती नेपाळीनं व्याकरणातच पक्की बसवली. तिथं ती आता फक्त बायकोची राहिलेली नाही. गुरुजींशी, पाहुण्यांशी, अनोळख्यांशीही हेच रूप.

दुसरी युक्ती जागेची. नेपाळीत आदरानं ‘ते’ म्हणायचं तर ‘उहाँ’ म्हणतात, आणि उहाँचा मूळ अर्थ ‘तिथे’. बायको नवऱ्याबद्दल बोलताना ‘उहाँ’ म्हणते. आपल्या जुन्या घरांतलं ‘इकडून होकार आहे’, ‘तिकडची स्वारी’ हे याच जातीचं. माणूस नाही, दिशा. आमच्या भागातल्या बायका ‘मालक’, ‘धनी’ म्हणतात किंवा नुसतं ‘आवं’ म्हणून हाक मारतात. ते अधिकाराचे शब्द आहेत, इकडे-तिकडे मात्र अंतराचे. दोन्हींत नाव टळतं, पण टळण्याची कारणं वेगळी.

सिंहली इथं उपयोगी पडते, कारण तिनं जागेचा तोच शब्द उलट्या दिशेनं वापरला. तिच्यात ‘ते’साठी जागेनुसार वेगवेगळी दर्शकं आहेत, आणि त्यांतलं एक फक्त ऐकणाऱ्याजवळच्या वस्तूसाठी. त्यातून ‘ओया’ हे सर्वनाम झालं. ‘तुझ्यापाशी असलेला तो’ म्हणजे ‘तू’. हे अंतर ठेवणारं नाही, जवळीक सांगणारं आहे. नवरा-बायको एकमेकांना ‘ओया’ म्हणतात, दोन्हीकडून सारखं. ‘ओब’ पुस्तकी आणि औपचारिक. ‘उंब’ मित्रांत चालतो, पण परक्याला म्हटला तर शिवीसारखा लागतो.

शिवाय बोली सिंहलीत क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलतच नाही. मी, तू, तो, सगळ्यांना ‘यनवा’, म्हणजे जाणं. ‘बत् कॅवद?’ एवढंच विचारलं की झालं. ‘बत्’ म्हणजे आपला भात, दोघंही संस्कृत ‘भक्त’चे वंशज. भात खाल्ला का, या प्रश्नात कोण कुणापेक्षा मोठं हे सांगावंच लागत नाही. नेपाळी बायकोला प्रत्येक क्रियापदापाशी पायरी निवडावी लागते. सिंहली बायकोची सुटका होते. आज्ञार्थात मात्र पकडली जाते, कारण तिथं ‘यन्न’ सभ्य आणि ‘पलयन्’ उर्मट.

लाडाचे शब्द पाहिले तर सिंहली नवरा-बायको सराफकट्ट्यावर उभे असल्यासारखे वाटतात. ‘रत्तरन्’ म्हणजे सोनं, ‘वस्तुव’ म्हणजे ठेवा, आणि ‘मॅणिक’ म्हणजे रत्न, आपलं माणिक. २०२१ साली योहानीनं गायलेलं ‘मनिके मगे हिते’ आपल्याकडे लग्नाच्या डीजेवरही वाजलं. त्यातली मनिके हे कुणा मुलीचं नाव असावं असं पुष्कळांना वाटलं. ते संबोधन आहे, ‘माझ्या माणका’ असं. ‘सुदु’ म्हणजे गोरी, पांढरी, मूळ शब्द ‘शुद्ध’. गोरेपणाचा हा सोस आपल्यालाही परका नाही. आणि प्रियकराला ‘अय्या’ म्हणजे दादा, प्रेयसीला ‘नंगी’ म्हणजे धाकटी बहीण म्हणायची रीत आहे. मराठी अनुवादकानं हे शब्दशः केलं तर अनर्थ होईल. तिथं नातं नाही, वयाचा मान आणि लाड आहे.

नेपाळी लाड साध्या घरचा. ‘सानु’ म्हणजे छोटी, ‘कान्छी’ म्हणजे शेंडेफळ. आणि पंचविशीतलं जोडपंसुद्धा एकमेकांना ‘बूढा’, ‘बूढी’ म्हणतं. ती गाडीवरची बाईही पैसे मोजताना गिऱ्हाइकांना सांगायची, “बूढाला द्या.” मी ते ऐकून आधी चपापलो होतो.

त्या नवऱ्यानं मला एकदा उलट विचारलं होतं, “तुमच्यात माया कुणावर करतात?” मी म्हणालो, “लेकरांवर, आईची लेकरावर.” त्याला नवल वाटलं. नेपाळीत ‘म तिमीलाई माया गर्छु’ हे प्रियकर-प्रेयसीचं वाक्य आहे, आणि मायालु म्हणजे प्रिय व्यक्ती. सिंहलीत हेच वाक्य होतं ‘मम ओयाट आदरेयि’. जो ‘आदर’ आपण गुरुजनांसाठी राखून ठेवला, तो तिथं प्रेमाचा शब्द आहे. मान देण्यासाठी त्यांनी ‘गौरव’ घेतला. आपल्या घरांत अहोच्या वाट्याला आदर आला आणि अगंच्या वाट्याला, असलीच तर, माया. ‘प्रेम करतो’ हे दोघांनाही पुस्तकी वाटतं, म्हणून ते बहुधा बोललंच जात नाही.

पुढं ती गाडी तिथून गेली. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं त्याला काहीतरी विचारलं आणि तो ‘तपाईं’ म्हणून उत्तरला. मी लगेच कान टवकारले. रागाचं तपाईं असावं, असं वाटलं. पण ती लाजून हसली. तेव्हा समजलं की रागाखेरीज आणखी एका कारणानं नवरा वरच्या पायरीवर जातो, आणि माझ्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता.