गृहपाठ, झोप आणि एकवीस गुण

मुंबईतील माध्यमिक शाळांत गृहपाठाचा भार आणि विद्यार्थ्यांच्या झोपेचा दर्जा यांचा संबंध तपासण्याचा एक संशोधन-प्रस्ताव आमच्या वाचनात आला. आखणी साधी आहे. नववीच्या मुलामुलींना रोज गृहपाठाला किती तास लागतात ते विचारायचे, पिट्सबर्गची झोपेविषयीची प्रश्नावली भरून घ्यायची आणि दोन्ही आकड्यांचा सहसंबंध काढायचा. विषय महत्त्वाचा आहे, पण आखणीत दोन जागी पाय घसरतो.

पहिली जागा प्रश्नावलीची. ती १९८९ साली प्रसिद्ध झाली आणि मुळात प्रौढांसाठी तयार केलेली आहे. मागील महिन्यातील झोपेबद्दलच्या एकोणीस प्रश्नांतून सात घटक काढतात. प्रत्येक घटकाला शून्य ते तीन, असे एकूण एकवीस गुण. पाचाहून जास्त गुण मिळाले की झोप निकृष्ट समजायची. जितके गुण जास्त तितकी झोप वाईट, हे ध्यानात ठेवावे.

आता चाळीतल्या एका खोलीत राहणारी, सकाळच्या सत्रात शिकणारी मुलगी कल्पनेत आणू. वडील कामावरून साडेदहाला येतात. जेवणे, भांडी आटोपून अंथरुणे पडायला साडेअकरा होतात. दमलेली मुलगी पाठ टेकताच झोपते आणि साडेपाचला उठते. अंथरुणात सहा तास, त्यांपैकी झोप पावणेसहा तास. कालावधीच्या घटकात तिला दोन गुण मिळतात. पण झोप लगेच लागते, म्हणून तेथे शून्य. अंथरुणातील वेळेपैकी ९६ टक्के वेळ झोपेत जातो, तेथेही शून्य. झोपमोड, दिवसाची मरगळ आणि झोपेविषयीचे स्वतःचे मत यांना एकेक गुण धरला आणि औषधाला शून्य, तरी बेरीज पाचच. म्हणजे प्रश्नावलीच्या लेखी तिची झोप चांगली!

दुपारच्या सत्रातला मुलगा घ्या. तो अकराला आडवा होतो, रोजच तासभर तळमळतो आणि आठला उठतो. झोप आठ तास. पण झोप लागण्याच्या घटकात त्याला पूर्ण तीन गुण बसतात. बाकीचे तीन एकेक गुण मिळवले की झाले सहा, म्हणजे झोप निकृष्ट. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. सव्वादोन तास कमी झोपणारी मुलगी चांगल्यांत आणि पुरेसे झोपणारा मुलगा वाईटांत! झोपेची कमतरता आणि झोपेतील अडथळा या दोन वेगळ्या गोष्टी एकाच बेरजेत घातल्या की असे होते. प्रस्तावकारांनी झोपेचे तास हा वेगळा निष्कर्ष म्हणून नोंदवावा, एवढी दुरुस्ती तरी हवीच.

दुसरी जागा अधिक अवघड आहे. समजा, जास्त गृहपाठ करणारी मुले कमी झोपतात असे आढळले. म्हणून गृहपाठाने झोप घटली असे म्हणता येईल काय? आपल्या मुलीकडे पुन्हा पाहा. साडेअकरापर्यंत तिला झोपायला जागाच नाही. मग ती वही उघडून बसते. येथे गृहपाठामुळे जागरण नाही, जागरण आहे म्हणून गृहपाठ लांबतो. दाटीच्या शहरात हे नेहमीचेच, आणि प्रस्तावाच्या शीर्षकात ‘दाटी’ असूनही घरात किती खोल्या, किती माणसे, हा प्रश्न त्यात कोठेच नाही. शाळेचे सत्रही विचारलेले नाही. उठण्याची वेळ तर सत्रच ठरवते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्यास सांगितले. नववीची मुले त्यात आली नाहीत.

यावर उपाय महागडा नाही. एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करण्याऐवजी प्रत्येक मुलाची त्याच्याशीच करावी. चौदा दिवस रोज सकाळी चार वेळा लिहायच्या: वही केव्हा उघडली, केव्हा मिटली, आडवे केव्हा झालो, उठलो केव्हा. शिक्षकांच्या संमतीने त्यांतील काही दिवस, चिठ्ठ्या टाकून निवडलेले, बिनगृहपाठाचे ठेवावेत. त्या दिवशीही मुलगी साडेअकरालाच आडवी झाली, तर दोष गृहपाठाचा नाही. दहाला झोपली, तर आहे. खोली, माणसे, पाणी भरण्याची वेळ, काहीही असो. ते दोन्ही प्रकारच्या दिवसांत सारखेच राहते, त्यामुळे तुलना बिघडत नाही. शनिवार-रविवारचे दिवस मात्र वेगळे मोजावेत, कारण सुटीत मुले आठवड्याची थकबाकी भरून काढतात.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. चौदा दिवसांची वही काही मुले शेवटच्या दिवशी एकदम भरतील. सगळ्या वेळा ‘साडेदहा’, ‘अकरा’ अशा गोल आणि एकाच शाईत दिसल्या की ओळखावे. म्हणून कागद रोज पहिल्या तासाला गोळा करावा. आणि प्रस्तावात नोंदींसाठी मार्च महिना धरला आहे तो बदलावा. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर बिनगृहपाठाचा दिवस कोणता शिक्षक देणार, आणि दिला तरी मुले वही मिटतील काय?