एकाच लाटेच्या दोन गोष्टी

बीबीसीच्या ‘प्लॅनेट अर्थ २’ या मालिकेचा ‘आयलंड्स’ हा पहिला भाग नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रसारित झाला. गालापागोसमधल्या फर्नांदिना बेटावर सापांच्या विळख्यातून निसटणारं सागरी इग्वानाचं पिल्लू त्यातलंच. हा पाठलाग तेवढा वेगळा काढून यूट्यूबवर ठेवला गेला, तो जगभर पाहिला गेला आणि २०१७ मध्ये त्याला प्रेक्षकांच्या मतांवर दिला जाणारा बाफ्टा पुरस्कारही मिळाला.

तो वेगळा का काढता आला? त्याला स्वतःचा प्रश्न आहे: हे पिल्लू वाचेल का? वाळूतून वर येणं, साप जवळ असताना निश्चल थांबणं, धाव, विळखा, सुटका. आधीचं काहीच ठाऊक नसलं तरी चालतं. लांब व्हिडिओत कापायची जागा शोधताना मी हेच पाहतो. तुकड्याचं पहिलं वाक्य ‘म्हणून’ किंवा ‘त्यामुळे’ने सुरू होत असेल, तर कात्री चुकीच्या जागी लागली आहे.

पण मला अधिक मोह पडतो तो भागाच्या शेवटच्या दहाएक मिनिटांचा. तिथे चित्रीकरणाची डायरी आहे. मुख्य भागात झावोडोव्स्की बेटावरचे पेंग्विन खवळलेल्या समुद्रातून खडकांवर येतात. डायरीत तोच किनारा, त्याच लाटा. फक्त आता प्रश्न असा, की माणसं आणि कॅमेरे या खडकांवर उतरणार कसे? प्रवास एकच, त्यातून गोष्टी दोन. पुनरुक्ती जाणवत नाही, कारण दृश्य तेच असलं तरी प्रश्न बदलला आहे. मात्र ही काटकसर संकलनाच्या टेबलावर साधत नाही. धडपडणाऱ्या चमूवर तिथेच कोणीतरी कॅमेरा रोखलेला असावा लागतो.

आता इग्वानाचा तोच पाठलाग उभ्या रीलसाठी कापायचा तर? १६:९ची चौकट उंची तीच ठेवून ९:१६ केली, की रुंदीचा एक तृतीयांशही भाग उरत नाही. एका कडेला पिल्लू, दुसऱ्या कडेला साप अशा शॉटमधून मधला भाग घेतला तर हाती नुसते दगडगोटे येतात. म्हणून सुरुवात निश्चल पिल्लाच्या जवळच्या शॉटने करावी. तो उभ्या चौकटीत छान बसतो. पुढे प्रत्येक शॉटसाठी चौकट वेगळी सरकवावी, आणि दोन्ही कडा हव्यातच असा शॉट वर-खाली मोकळी जागा सोडून आडवाच ठेवावा. आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी एकच ओळ पुरे: सापाची नजर अधू आहे, पण हालचाल त्याला कळते. या ओळीशिवाय थांबलेलं पिल्लू नुसतं थांबलेलं दिसतं, त्यातला ताण कळत नाही. ओळ अगदी तळाशी नको. तिथे मजकूर आणि बटणं येतात. आणि पिल्लू खडकावर पोहोचण्याआधीच रील तोडून ‘पुढचं मूळ भागात पाहा’ लिहिलं, तर जो प्रश्न दाखवून माणसाला थांबवलं, त्याचं उत्तरच त्याला नाकारलेलं असतं.