‘एम.’ म्हणजे मायकल नव्हे

करारात कंपनीचं नाव थोडं इकडंतिकडं झालं तर काय बिघडतं? या प्रश्नावर इंग्लंडमधला १९६८ चा एक निकाल वाचण्यासारखा आहे : डरहॅम फॅन्सी गुड्स विरुद्ध मायकल जॅक्सन (फॅन्सी गुड्स) लिमिटेड. (गायकाचा काही संबंध नाही!)

कंपनीचं नोंदलेलं नाव ‘मायकल जॅक्सन (फॅन्सी गुड्स) लिमिटेड’. हुंडीवर मात्र ‘एम. जॅक्सन (फॅन्सी गुड्स) लिमिटेड’ असं छापलं गेलं आणि संचालकाने त्याखाली सही केली. हुंडी वटली नाही. तेव्हाच्या १९४८ च्या कंपनी कायद्याचं कलम १०८ असं होतं की हुंडीवर किंवा चेकवर कंपनीचं नाव नीट नसेल आणि कंपनीने पैसे दिले नाहीत, तर सही करणारा स्वतः देणं लागतो. फिर्यादींनी संचालकालाच धरलं.

न्यायाधीश डोनाल्डसन यांनी संचालकाला सोडलं. इथेच घाईने वाचणारा फसतो. ‘चूक किरकोळ होती’ म्हणून त्याला सोडलेलं नाही. कलमाचा भंग झाला, असंच निकाल म्हणतो. तो सुटला कारण चुकीचं नाव फिर्यादींनीच लिहून पाठवलं होतं. स्वतः घातलेल्या चुकीचा फायदा त्यांना घेऊ दिला नाही, एवढंच.

माझा आक्षेप असा : या न्यायाने निकाल ‘नाव कोणी लिहिलं’ यावर टांगला. हुंडीत ते कळलं. पण करार चार-पाच ईमेलमधून फिरतो, दोन्हीकडचे लोक शब्द बदलतात. कोणती चूक कोणाची, हे नंतर कसं दाखवणार? म्हणजे या निकालाचा दिलासा कराराला फारसा पुरत नाही.

समजा, शीर्षकात ‘अबक टेक्नॉलॉजीज प्रायव्हेट लिमिटेड’, मजकुरात ‘अबक टेक’, सहीच्या जागी ‘अबक ग्रुपकरिता’. असा करार सहसा रद्द होत नाही. पण बांधला गेला कोण, हे ठरवायला पत्रव्यवहार, बिलं असा बाहेरचा पुरावा काढावा लागतो. ‘ग्रुप’ ही नोंदलेली कंपनी नसेल, तर सही करणाऱ्याकडेच बोट जाऊ शकतं. आणि त्याच समूहात ‘अबक टेक प्रायव्हेट लिमिटेड’ अशी वेगळी कंपनी खरंच असेल, तर वाद आणखी वाढतो.

सारखेपणा म्हणजे प्रत्येक कलमात पूर्ण नाव लिहिणं नव्हे. शीर्षकात आणि पक्षकारांच्या ओळखीत पूर्ण नाव लिहायचं, तिथेच ‘यापुढे “कंपनी”’ असं ठरवायचं, मजकुरात तेवढाच शब्द वापरायचा. सहीपाशी पुन्हा पूर्ण नाव, ‘करिता’, आणि सही करणाऱ्याचं पद.

तपासायचं कसं? नाव व्हिजिटिंग कार्डावरून किंवा वेबसाइटवरून घेऊ नका. कंपनीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरून घ्या. नाव नंतर बदललं असेल, तर बदलाचं प्रमाणपत्र मागा. भारतीय कंपनी असेल तर शेजारी २१ अक्षरी सीआयएन लिहा. मग तिन्ही जागांची नावं एकाखाली एक ठेवून अक्षर, कंस, ‘प्रायव्हेट’ असं मिळवून बघा. पानं चाळताना न दिसलेला ‘एम.’ तिथे लगेच दिसतो.