दोन शिखरांचा एक आकडा

मध्य, मध्यक आणि बहुलक हे तिघे शाळेत एकत्रच शिकवले जातात. तिघांपैकी बहुलक सर्वांत सोपा मानला जातो: ज्या मूल्याची वारंवारता सर्वाधिक, ते मूल्य म्हणजे बहुलक. अडचण येते ती सामग्रीला दोन शिखरे असली किंवा एकही नसले म्हणजे. अशा वेळी पुढे काय करायचे याबद्दल एक सल्ला अनेक मार्गदर्शकांत आणि संख्याशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत आढळतो. बहुलक निश्चित होत नसेल तर ‘बहुलक = ३ × मध्यक − २ × मध्य’ या सूत्राने तो काढा, असे ही पुस्तके सांगतात. हा सल्ला चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे प्रत्यक्ष नोंदींवरच तपासू.

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात ‘ओल्ड फेथफुल’ नावाचे गरम पाण्याचे नैसर्गिक कारंजे आहे. ते थांबून थांबून उसळते. त्याच्या २७२ उसळ्यांच्या नोंदी संख्याशास्त्रात प्रसिद्ध आहेत. प्रत्येक उसळी किती मिनिटे टिकली, याची वारंवारता सारणी अशी (प्रत्येक वर्गात खालची मर्यादा धरली आहे, वरची नाही):

१.५–२.० : ५१
२.०–२.५ : ४१
२.५–३.० : ५
३.०–३.५ : ७
३.५–४.० : ३०
४.०–४.५ : ७३
४.५–५.० : ६१
५.०–५.५ : ४

सारणीत दोन शिखरे आणि त्यांच्यामधली दरी स्पष्ट दिसते. या सामग्रीचा मध्य ३.४९ मिनिटे आणि मध्यक ४ मिनिटे आहे. वरील सूत्रात हे आकडे घातले की बहुलक येतो १२ − ६.९८, म्हणजे ५.०२ मिनिटे. आता सारणीकडे पुन्हा पाहा. पाच मिनिटे किंवा त्याहून जास्त टिकलेल्या उसळ्या २७२ पैकी फक्त ४ आहेत आणि सर्वांत लांब उसळी ५.१ मिनिटांची आहे. म्हणजे जी गोष्ट क्वचितच घडते, तिलाच सूत्राने ‘सर्वाधिक वेळा घडणारी’ ठरवले! कार्ल पिअर्सन यांच्या नावाशी जोडलेला हा संबंध एकच शिखर असलेल्या आणि थोड्याशाच कललेल्या सामग्रीत अंदाजे जुळतो. जिथे बहुलक निश्चित होत नाही, तिथे बहुधा ही अटच मोडलेली असते.

वर्गीकृत सामग्रीसाठीचे नेहमीचे सूत्र वापरले तर? ४.०–४.५ हा बहुलकीय वर्ग धरून उत्तर ४.३९ येते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. तीन मिनिटांहून कमी टिकलेल्या ९७ उसळ्यांचा त्यात मागमूस नाही. मध्याची गत तर त्याहून वाईट आहे. ३.४९ ज्या वर्गात पडतो, त्यात सातच उसळ्या आहेत.

दोन शिखरे खरी की योगायोगाची, हे ठरवायला दोन कसोट्या उपयोगी पडतात. पहिली कसोटी वर्गाची रुंदी बदलून पाहण्याची. एक मिनिटाचे वर्ग केले तर ५१, ४६, ३७, १३४, ४ अशा वारंवारता मिळतात. दरी उथळ होते, पण टिकते. दोन मिनिटांचे वर्ग १ पासून केले तर ९७, १७१, ४ मिळतात आणि दरी नाहीशी होते. उलट, वर्ग फार अरुंद केले की योगायोगाचीही शिखरे दिसू लागतात. म्हणून वर्गाची रुंदी न सांगता बहुलक सांगण्यात अर्थ नाही. दुसरी कसोटी स्वतंत्र पुराव्याची. येथे तो मिळतो. तीन मिनिटांहून कमी टिकलेल्या उसळीनंतर पुढच्या उसळीसाठी सरासरी सुमारे ५४ मिनिटे थांबावे लागले, तर उरलेल्या १७५ उसळ्यांनंतर सुमारे ८० मिनिटे. छोट्या उसळीत पाणी आणि उष्णता कमी खर्च होते, त्यामुळे कारंजे लवकर सज्ज होते. म्हणजे हे दोन वेगळे गट आहेत.

बहुलक मुळीच नसण्याचा प्रसंगही पाहू. आठ रोपांची उंची सेंटीमीटरमध्ये ११.२, ११.६, १२.१, १२.३, १२.९, १३.४, १३.७ आणि १४.५ आहे असे समजा. प्रत्येक मूल्य एकदाच आले आहे. येथे पुष्कळ विद्यार्थी ‘बहुलक = ०’ असे लिहितात. त्याचा अर्थ बहुतेक रोपांना उंचीच नाही असा होईल! योग्य उत्तर ‘बहुलक नाही’ हेच. याच उंची पूर्ण सेंटीमीटरपर्यंत घेतल्या तर १२ तीनदा येतो आणि बहुलक ‘सापडतो’. पण तो रोपांमुळे आलेला नसून आकडे पूर्ण करण्यामुळे आलेला असतो.

तेव्हा कारंज्याचा प्रामाणिक अहवाल असा होईल: ‘नोंदी २७२, वर्गाची रुंदी अर्धा मिनिट, दोन शिखरे, १.५–२.० आणि ४.०–४.५, त्यांतील दुसरे उंच, तीन मिनिटांच्या खाली ९७ उसळ्या, उरलेल्या १७५.’ सोबत आलेख द्यावा. उत्तराची जागा एकाच आकड्यापुरती असेल, तर हे वाक्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापू नयेत, जागा वाढवावी.