‘या’ शब्दात लपवलेली बातमी

व्याख्यान वाघोलीत आहे, तेव्हा सुरुवात इथल्या पाण्यापासूनच करतो. 2021मध्ये हे गाव पुणे महापालिकेत गेलं, पण इथल्या कितीतरी सोसायट्यांचा दिवस अजून टँकरच्या हॉर्ननेच सुरू होतो. हे तुम्हाला मी सांगायला नको.

मध्यंतरी एका बुधवारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक लिंक आली. मथळा साधारण असा होता: ‘पुणेकरांनो, ‘या’ भागात उद्या पाणी नाही, तुमचा भाग आहे का?’ पाच मिनिटांत ती तीन जणांनी पुढे ढकलली. उघडली एकानेही नाही. चेअरमन साहेबांनी घाईघाईत टँकरवाल्याला फोन लावला आणि 10,000 लिटरचे 2 जादा टँकर सांगून मोकळे झाले. संध्याकाळी मी बातमी उघडली. आधी पावसाळ्याचं वर्णन, मग जाहिरात, मग महापालिकेचं आवाहन, मग परत जाहिरात, आणि अगदी तळाशी भागांची यादी. त्या यादीत वाघोली नव्हतीच. बरं, ज्या जलवाहिनीची दुरुस्ती होती, तिचं पाणी आमच्याकडे येतच नाही!

बातमी खोटी नव्हती, एवढं लक्षात घ्या. तिच्यातला शब्द न् शब्द खरा होता. तरीही तिनं आमचे पैसे घालवले. आज मला या मथळ्याचीच चिकित्सा करायची आहे, आणि त्यातही त्या एका शब्दाची. एकेरी अवतरणातला ‘या’.

मराठीत ‘या’, ‘हा’, ‘ही’ ही दर्शक सर्वनामं. एरवी ती मागे येऊन गेलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतात. ‘काल एक माणूस आला होता, हा माणूस म्हणाला...’ असं. मथळ्यातला ‘या’ मात्र पुढे बोट दाखवतो, आणि पुढे असतं ते बंद दार. ‘या तारखेला हप्ता जमा’, ‘या अभिनेत्रीनं केलं लग्न’, ‘ही एक चूक पडेल महागात’. ही युक्ती आपलीच आहे असंही नाही. डेन्मार्कच्या ब्लोम आणि हॅन्सन या दोन अभ्यासकांनी 2015मध्ये डॅनिश बातम्यांच्या संकेतस्थळांवरचे मथळे तपासले, तर तिथेही हाच प्रकार सापडला. पुढच्या मजकुराकडे बोट दाखवायचं आणि नाव गाळायचं. भाषा कुठलीही असो, गळ तोच.

आता हा गळ लागतो का? जॉर्ज लोवेनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञानं 1994मध्ये कुतूहलाची एक मांडणी केली. आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत असावंसं वाटतं, त्यांच्यातल्या अंतराकडे लक्ष गेलं की मन अस्वस्थ होतं. इंग्रजीत ज्याला क्युरिऑसिटी गॅप म्हणतात ते हेच. आपण त्याला कुतूहलाची फट म्हणू. पण या मांडणीतला महत्त्वाचा भाग क्लिक मोजणारे विसरतात. त्यानं एका प्रयोगाचं वर्णन केलंय. संगणकाच्या पडद्यावर झाकलेल्या चौकटींची जाळी. काही लोकांच्या पडद्यावर प्रत्येक चौकटीमागे एक वेगळा प्राणी होता. इतरांच्या पडद्यावर सगळ्या चौकटी मिळून एकाच मोठ्या प्राण्याचं चित्र होतं, तुकड्यातुकड्यांनी उघडणारं. दुसऱ्या गटातल्या लोकांनी जास्त चौकटी उघडल्या. कान दिसला, शेपूट दिसली, आता तोंड बघितल्याशिवाय उठवत नाही.

म्हणजे काय? माहिती जितकी जास्त हातात येते, तितकी उरलेली फट जास्त टोचते. कुतूहल वाढवायचं तर आधी द्यावं लागतं. ‘या’वाला मथळा याच्या नेमकं उलट करतो. तो काहीच देत नाही, फक्त झाकतो. म्हणून माझी पहिली तक्रार नीतीची नाहीच, कारागिरीची आहे. हा मथळा आळशी आहे.

मग न्याय्य फट कुठली आणि गंडवणारी कुठली? माझी एक साधी कसोटी आहे. ‘या’च्या जागी खरं उत्तर घालून बघा. ‘हडपसरमध्ये उद्या पाणी नाही’. उत्तर बसलं? आणि बसल्यावर बातमी वाचायची गरज संपली? मग ती फट नव्हतीच. तुमच्या हातातली वस्तू काढून घेऊन तुम्हालाच परत विकली, एवढंच झालं. आता दुसरा मथळा बघा: ‘वाघोली महापालिकेत येऊन वर्षं झाली, तरी टँकर का थांबत नाही?’ इथे गावाचं नाव दिलंय, प्रश्न काय तेही सांगितलंय. उत्तर मात्र एका शब्दात मावत नाही. जलवाहिनी कुठवर आली, साठवण टाक्यांचं काय झालं, इमारती किती वेगानं उभ्या राहिल्या, हे सगळं उलगडावं लागेल. इथे लेखकानं काही लपवलेलं नाही. उत्तरच लांब आहे. ही प्रामाणिक फट.

पाणी, वीज, रस्ता बंद, परीक्षेची तारीख, सरकारी हप्ता, ही कामाची माहिती. तिचा मथळा म्हणजे एसटी स्टँडवरची पाटी. पाटीवर ‘ही गाडी ‘या’ गावाला जाते’ असं लिहिलं तर आपण कंट्रोलरशी भांडू. मोबाइलवर मात्र मुकाट्यानं बोट ठेवतो.

याच्या उलट, रहस्यकथा हातात घेणारा माणूस लपवाछपवीचेच पैसे देतो. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळा पहाड वाचणाऱ्यानं कधी तक्रार केली नाही की खुनी पहिल्याच पानावर का सांगितला नाही. तिथे तसा करारच असतो. म्हणून ‘लपवणं वाईट’ असं मी म्हणत नाही. वाचक कशासाठी आला होता, आणि तुम्ही नेमकं तेच लपवलंत का, एवढंच विचारतो.

आता दुसरी गोष्ट, ओपन लूप. म्हणजे एक धागा सुरुवातीला सोडायचा आणि बऱ्याच वेळानं बांधायचा. हे शिकायला आपल्याला कुठल्या कोर्सची गरज नाही. नारदीय कीर्तन आठवा. बुवा पूर्वरंगात एक पद घेतात आणि त्याचं निरूपण करतात. एक विचार आपल्यापुढे ठेवतात, पण मिटवत नाहीत. मध्ये नामस्मरण, बुक्का, हार. मग उत्तररंगात आख्यान. हरिश्चंद्राचं पुढे काय झालं हे मंडपातल्या प्रत्येकाला पाठ असतं, तरी कुणी उठत नाही. कारण बुवांनी सोडलेला प्रश्न ‘काय झालं’ हा नसतोच. त्या पदाचा या गोष्टीशी संबंध काय, हा असतो. आणि शेवटी बुवा मूळ पदावर येतात. धागा बांधला जातो. सुफळ संपूर्ण.

यातून दुसरी कसोटी मिळते. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जे आहे, ते उत्तर समजायला लागतं का? कीर्तनात लागतं. आख्यान काढून टाका, पद नुसतं पद राहील.

आता घरखरेदीचा व्हिडिओ घ्या. असे व्हिडिओ या भागाबद्दल रोज येतात, तुमच्यातलेही काही जण करत असतील. ‘वाघोलीत फ्लॅट घेण्याआधी ही एक गोष्ट तपासा, व्हिडिओच्या शेवटी सांगतो.’ मग 10 मिनिटं गेट, लॉबी, स्विमिंग पूल. शेवटी काय, तर ‘महारेराचा नोंदणी क्रमांक बघा’. हे एका वाक्याचं काम होतं, आणि मधल्या स्विमिंग पूलचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. हा धागा नाही, हे दावं आहे, माणसाला बांधून ठेवायचं.

तोच व्हिडिओ असा करता येईल. पहिल्याच वाक्यात सांगा: ‘ताबा कधी मिळणार, याच्या दोन वेगवेगळ्या तारखा असू शकतात. माहितीपत्रकावरची आणि महारेराच्या संकेतस्थळावरची. त्यांत फरक का पडतो ते बघू.’ मग नोंदणी उघडून दाखवा, मूळ तारीख दाखवा, मुदतवाढ घेतली असेल तर सुधारित तारीख दाखवा. शेवटी प्रश्न मिटवा. बघणारा शेवटपर्यंत थांबेल, कारण प्रत्येक पायरी त्याला उत्तराजवळ नेते. आणि मध्येच उठला, तरी काहीतरी घेऊन उठेल.

‘पण सर, क्लिक कमी येतील,’ असं इथला एखादा तरुण मनात म्हणत असेल. येतील. हिशोब करू. समजा व्हिडिओ 10,000 वेळा लोकांच्या पडद्यावर दिसला. झाकपाक मथळ्यावर 8 टक्क्यांनी क्लिक केलं, म्हणजे 800. पण 30 सेकंदांनंतर त्यातले 25 टक्केच उरले, म्हणजे 200. सरळ मथळ्यावर 5 टक्केच क्लिक आले, 500. त्यातले 60 टक्के थांबले, म्हणजे 300. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पण तुमचे खरे आकडे यूट्यूब स्टुडिओत तुम्हाला दिसतात. क्लिकचं प्रमाण चढतंय आणि पहिल्या 30 सेकंदांतच आलेख कोसळतोय, असं दिसलं की समजा, मथळ्यानं दिलेलं वचन व्हिडिओ पाळत नाहीये. आणि परत येणाऱ्या प्रेक्षकांची संख्या महिनोन् महिने घटत असेल, तर लोकांनाही ते समजलंय.

कंपन्यांनाही हे उशिरा का होईना कळलं. यूट्यूबनं 2012मध्ये नुसत्या व्ह्यूजऐवजी किती वेळ पाहिलं जातं त्याला महत्त्व दिलं. फेसबुकनं 2014मध्ये जाहीर केलं की लिंक उघडून माणूस लगेच परत येतो का, हे ते पाहणार. डिसेंबर 2024मध्ये यूट्यूबनं सांगितलं की मथळ्यात एक आणि आत भलतंच, अशा ढळढळीत फसव्या व्हिडिओंवर, विशेषतः ताज्या बातम्यांच्या, कारवाई करणार, आणि सुरुवात भारतातून. आपला नंबर पहिला लागला, यात अभिमान बाळगायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. (हशा)

पण या नियमांची मर्यादा बघा. ते खोटं पकडतात. आमच्या ग्रुपवरचा मथळा खोटा नव्हता. तो कुठल्याच नियमात सापडणार नाही. त्यानं केलेलं नुकसान यंत्राला दिसत नाही, कारण ते एका क्लिकमध्ये होतच नाही. ते विसाव्या क्लिकनंतर होतं.

त्या प्रसंगानंतर महिन्याभरानं ग्रुपवर पुन्हा एक लिंक आली. पुन्हा ‘या’ भागात, पुन्हा पाणी. कुणी ढकललीही नाही, उघडलीही नाही. चेअरमन म्हणाले, ‘असतंय रोजचंच.’ त्या वेळी आत खरंच आमच्या कामाचं काही होतं का? मीही उघडली नाही, त्यामुळे मला सांगता येणार नाही. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांना खोटं बोलू नये म्हणून सांगतो. पण त्या गोष्टीत शेवटी लांडगा खरोखरच येतो, आणि गावातलं कुणीच धावत नाही.

तेव्हा इथे बातम्या लिहिणारे, चॅनल चालवणारे जे कोणी असतील, त्यांना एवढंच सांगतो. आज घरी जाऊन आपले शेवटचे 10 मथळे काढा. जिथे ‘या’ असेल, तिथे खरं नाव घाला. ज्या मथळ्यात त्यानंतरही प्रश्न उरतो, तो ठेवा. बाकीचे बदला.