अकरा पानांचा नळ

बोरी अरबचे आमचे नानाजी म्हणजे निवृत्त मास्तर. गावात ग्रामपंचायत, त्यामुळे नगरपरिषदेला पत्र लिहिण्याची हौस राहून गेली होती. पण मुलगी दिली नगरपरिषदेच्या गावी, आणि तिच्या नळाला पाणी येईना! नानाजींनी फुलस्केपची अकरा पानं लिहिली आणि अभिप्रायासाठी माझ्याकडे दिली.

साहित्य म्हणून पत्र थोर आहे. पहिल्या पानावर भगीरथ गंगा आणतो, तिसऱ्यावर नानाजींना बालपणीची अडाण नदी आठवते. सहाव्यावर तुंबलेली नाली, सातव्यावर बंद पडलेला दिवा, नवव्यावर देशाची अधोगती. नळ प्रथम दिसतो तो दहाव्या पानावर, आणि तिथेही तो ‘वारंवार दगा देतो’ एवढंच कळतं. वारंवार म्हणजे किती वार, हे गुलदस्त्यात!

आता आवक बारनिशीतल्या बाबूचा विचार करा. त्याच्या रजिस्टरात विषयाला एकच ओळ. नळ, नाली आणि दिवा यांची टेबलं निराळी. असं पत्र या टेबलावरून त्या टेबलावर नुसतं हिंडतं. म्हणून नाली-दिव्याचे अर्ज वेगळे काढले, देश तूर्त राखून ठेवला. मुलीनं कॅलेंडरवर पाण्याच्या खुणा केल्या होत्या. अकरा पानांत त्यांचा पत्ता नव्हता. त्यांतून एवढं उरलं :

‘विषय : नळजोडणी क्रमांक अमुक, पाणी अनियमित येणे.

5 ते 18 तारखेत एक दिवसाआडच्या 7 पाळ्यांपैकी 7, 11 व 17 तारखेलाच पाणी आले. 45 ऐवजी 20 मिनिटे. 15 लिटरची बादली भरण्यास 5 मिनिटे लागतात. चढावरील सहाही घरांची हीच स्थिती. उतारावर पूर्ण वेळ पाणी येते. गल्लीच्या तोंडचा व्हॉल्व्ह व चढावरील दाब पाळीच्या वेळीच तपासून निष्कर्ष लेखी कळवावा.’

नानाजींचा चेहरा पडला. ‘अन् माहा भगीरथ कुठी गेला?’

मी म्हटलं, ‘नानाजी, तो बादलीत आहे.’ वीस मिनिटांत चार बादल्या, म्हणजे 60 लिटर. तीन पाळ्यांचे 180. पाच माणसांनी त्यावर चौदा दिवस काढायचे! माणशी दिवसाला जेमतेम अडीच लिटर. ‘हाहाकार’ या शब्दाशी साहेब वाद घालू शकतो, बादलीशी कसा घालणार? आणि चढ-उताराचं वाक्य तर लाखमोलाचं. एकट्या मुलीचाच नळ आटला असता, तर ‘तुमची घरची जोडणी तुंबली, प्लंबर बोलवा’ म्हणून साहेब मोकळा झाला असता. सहा घरं एकदम आटतात तेव्हा दोष बाहेरच्या लाइनीत शोधावा लागतो : व्हॉल्व्ह अर्धवट उघडलेला असेल, किंवा खालच्या कुणी नळालाच मोटर लावली असेल. पाळी संपल्यावर पाहायला गेलं तर यातलं काहीच सापडत नाही.

या पत्रानं पाणी येईलच, असं नाही. पण दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला, तर पुढच्या खेपेला विचारायला आधार राहतो. नानाजींनी मान डोलावली, आणि विषयाच्या वर, अगदी बारीक अक्षरात, एक ‘श्री’ तेवढा घातला. तो मी राहू दिला.