श्वसनाच्या चित्रफितींतील निवेदन आणि मौन

पतंजलीच्या योगसूत्रांत श्वासाच्या मोजमापासाठी देश, काल आणि संख्या ही तीन परिमाणे सांगितली आहेत. श्वसन-ध्यानाच्या आजच्या मराठी चित्रफितींत मात्र संहितालेखकाचे लक्ष शब्दांच्या मार्दवावर खिळलेले दिसते आणि कालाचा हिशेब बहुधा निवेदकाच्या अंदाजावर सोडलेला असतो.

मिनिटाला सहा श्वासांची प्रचलित गती घेतली, तर चार सेकंदांचा पूरक म्हणजे श्वास आत घेणे आणि सहा सेकंदांचा रेचक म्हणजे तो सोडणे, असे दहा सेकंदांचे एक आवर्तन होते. 'आता नाकावाटे सावकाश श्वास आत घ्या' या वाक्यात पंधरा अक्षरे आहेत आणि संथ निवेदनात सेकंदाला तीन अक्षरे धरली, तर ते संपेपर्यंत पूरकाचे चारही सेकंद सरतात. म्हणजे आज्ञाधारक श्रोता ऐकून झाल्यावर श्वास घेऊ लागतो, तेव्हा निवेदक तो सोडायला सांगत असतो. म्हणून पूर्ण वाक्ये आरंभीच्या समजावणीत ठेवून, प्रत्यक्ष आवर्तनात 'घ्या' आणि 'सोडा' एवढेच शब्द, तेही वळणाच्या किंचित आधी, उच्चारणे योग्य ठरते.

मौनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. पंचवीस सेकंदांच्या मौनानंतर 'घ्या' म्हटले, तर श्रोता तिसऱ्या आवर्तनाच्या रेचकात असतो, त्यामुळे वीस किंवा तीस सेकंदच निवडावे लागतात. परंतु हा नियम लहान मौनापुरताच टिकतो, कारण ज्याचे आवर्तन अकरा सेकंदांचे आहे तो मिनिटभरात जवळजवळ अर्धे आवर्तन मागे पडतो. तेथे आज्ञेऐवजी 'चालू असलेला श्वास पूर्ण होऊ द्या' असे कुठल्याही क्षणी लागू पडणारे वाक्य हवे. सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यना शिबिरांतील ध्वनिमुद्रित सूचनांनंतरची दीर्घ शांतता साधकांना पेलते, पण तिला सभागृहाचा, सहसाधकांचा आणि ठरलेल्या वेळेचा आधार असतो. घरी एकट्याने पाहणाऱ्याला चित्रफीत बंद पडली असे वाटू नये, यासाठी मौनाची लांबी आधी सांगणे आणि खोलीचा मंद आवाज चालू ठेवणे आवश्यक असते.

दृश्यांच्या बाबतीत लाटांचा मोह विशेष घातक आहे (आणि तो फार कमी जणांना आवरतो), कारण किनाऱ्यावरील लाट स्वतःच्या लयीने येते आणि डोळा तिच्यामागे श्वास ओढून नेतो. फुलणारे-मिटणारे वर्तुळ चार आणि सहा सेकंदांना बांधता येते. मात्र 'डोळे मिटा' म्हटल्यानंतर तेही निरुपयोगी असल्याने पडदा हळूहळू अंधारत नेणेच सयुक्तिक होय. ध्वनिमुद्रणापूर्वी लेखकाने संहिता दुसऱ्याकडून वाचून घ्यावी, समोर घड्याळ ठेवून तिच्या सूचनांनुसार स्वतः श्वास घ्यावा आणि जेथे श्वास अडतो त्या ओळी कापाव्यात.